उपयोगिता प्रमाणपत्र: अनुदानाच्या पैशाचा हिशेब नेमका कसा लिहायचा

केंद्र सरकारकडून संस्थेला अनुदान मिळालं की आर्थिक वर्ष संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ऑफिसात सगळे त्याला यूसीच म्हणतात. हा कागद वेळेत आणि बरोबर गेला नाही तर पुढचा हप्ता अडकतो, प्रकल्पावरच्या मुलांचे पगार थांबतात. आणि तो परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्रमाणपत्रावरची शिल्लक आणि बँकेतली शिल्लक जुळत नाही, आणि का जुळत नाही ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात ही शिल्लक जुळवण्यावर जास्त वेळ घालवणार आहे. मजकूर आणि सह्या त्यानंतर येतात.

केंद्राच्या अनुदानासाठी नमुना ठरलेला आहे. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला हा नमुना 'जीएफआर १२-ए' म्हणून ओळखला जातो. त्याआधी २००५ च्या नियमांत '१९-ए' होता. जुन्या फायलीतून कॉपी केलेला १९-ए अजूनही कुठे कुठे पाठवला जातो आणि तिथेच परत येतो. राज्य सरकारच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अनुदानाला हा नमुना आपोआप लागू होत नाही. त्या मंजुरी आदेशात किंवा शासन निर्णयात जो नमुना दिला असेल तोच वापरायचा.

हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाचं असतं, प्रकल्पाच्या वर्षाचं नसतं. प्रकल्प ऑगस्टमध्ये सुरू झाला असला तरी पहिलं प्रमाणपत्र ऑगस्ट ते ३१ मार्च एवढ्याच काळाचं, आणि पुढचं १ एप्रिल ते ३१ मार्चचं. प्रकल्पप्रमुखाच्या डोक्यात वर्ष ऑगस्टपासून मोजलेलं असतं आणि लेखा विभागाच्या डोक्यात एप्रिलपासून. हे दोघे एकत्र बसले नाहीत तर गोंधळ इथूनच सुरू होतो.

एक प्रकल्प घेऊन पाहू

उदाहरणासाठी एका कॉलेजचा तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प घेऊ. आवर्ती खर्चासाठी दर वर्षी ५ लाख रुपये मंजूर आहेत. पहिल्या वर्षी ५,००,००० आले, त्यातले ३,५७,५०० खर्च झाले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, १४ जून २०२३ च्या मंजुरी आदेशाने ४,८०,००० रुपयांचा हप्ता आला. पैसा प्रकल्पाच्या स्वतंत्र बचत खात्यात आहे.

प्रकल्पप्रमुखाने केलेला पहिला मसुदा अगदी सरळ होता. मागची शिल्लक १,४२,५००, नवा हप्ता ४,८०,०००, एकूण ६,२२,५००. खर्च ५,४६,०००. शिल्लक ७६,५००. बेरीज-वजाबाकीत काहीच चूक नाही. पण ३१ मार्चला बँकेच्या पासबुकात १,१२,६६० रुपये दिसतात. फरक ३६,१६० रुपयांचा.

हा फरक कुठून आला ते शोधायचं तर रोकडवही, पासबुक आणि व्हाउचरची फाइल शेजारी शेजारी ठेवून बसावं लागतं. या उदाहरणात तो तीन ठिकाणांहून आला आहे.

पहिलं ठिकाण व्याजाचं. वर्षभरात बँकेने खात्यात ७,८६० रुपये व्याज जमा केलं आणि मसुद्यात त्याचा उल्लेखच नाही. अनुदानावरचं व्याज संस्थेचं नसतं आणि प्रकल्पाचंही नसतं. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम २३०(८) प्रमाणे, हिशेब अंतिम झाले की ते लगेच भारताच्या संचित निधीत भरायचं असतं. व्याजातून रसायनं आणली, ती प्रकल्पासाठीच वापरली, तरी ते चालत नाही.

दुसरं ठिकाण चेकचं. २८ मार्चला एका पुरवठादाराला ९,४०० रुपयांचा चेक दिला. रोकडवहीत तो त्याच दिवशी खर्ची पडला, पण बँकेत वटला ३ एप्रिलला. यात चूक काहीच नाही. खर्च २०२३-२४ चाच आहे. पासबुकातली शिल्लक रोकडवहीपेक्षा ९,४०० ने जास्त का दिसते एवढंच बँक ताळमेळ पत्रकात लिहायचं आणि ते पत्रक सोबत जोडायचं.

तिसरं ठिकाण न चुकवलेल्या बिलाचं. मार्चमध्ये १८,९०० रुपयांचं रसायनांचं बिल आलं, माल प्रयोगशाळेत पोचला, पण पैसे दिले एप्रिलमध्ये. प्रकल्पप्रमुखाने ते खर्चात धरलं. त्याच्या दृष्टीने माल आला म्हणजे खर्च झाला. नमुन्यातल्या तक्त्यावर मात्र आकडे 'प्रत्यक्ष' असावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. खात्यातून पैसा बाहेर पडला नाही तोवर तो शिल्लकच आहे. हे बिल २०२४-२५ च्या खर्चात येईल.

७,८६०, ९,४०० आणि १८,९०० यांची बेरीज ३६,१६० होते. फरक सुटला. पण एक चूक अजून लपलेली आहे आणि ती पासबुक पाहून कधीच सापडणार नाही.

अग्रिम म्हणजे खर्च नव्हे

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रकल्पातल्या संशोधन सहायकाला क्षेत्रभेटीसाठी १५,००० रुपये अग्रिम दिला. भेट एप्रिलमध्ये झाली, तिकिटं आणि पावत्या मेमध्ये आल्या. खात्यातून पैसे मार्चमध्येच गेले असल्याने मसुद्यात ते खर्च म्हणून लिहिले गेले, आणि पासबुकानेही काही तक्रार केली नाही.

पण अग्रिम दिला म्हणजे पैसा फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्याचं पुढे काय झालं याचा कागद अजून आलेला नाही. म्हणूनच १२-ए मध्ये वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक दोन भागांत विचारली जाते: हातातली व बँकेतली रोकड किती, आणि समायोजन न झालेले अग्रिम किती. या प्रकल्पात सुरुवातीची १,४२,५०० ची शिल्लकही अशीच फोडावी लागते. बँकेत १,२२,५००, आणि आदल्या मार्चमध्ये दिलेला अग्रिम २०,०००. त्या अग्रिमाचा हिशेब २०२३-२४ मध्ये आला. १७,३०० प्रवासात गेले, २,७०० परत भरले. म्हणून १७,३०० या वर्षाच्या प्रवासखर्चात धरले.

पुरवठादाराला ऑर्डरसोबत दिलेली आगाऊ रक्कम, विद्यापीठाच्या कार्यशाळेला किंवा बांधकाम विभागाला कामासाठी जमा केलेली रक्कम, हे सगळं याच रांगेत येतं. नुसती ऑर्डर दिली असेल आणि पैसा दिला नसेल, तर त्याला बांधील खर्च म्हणतात. तो टिपेत जरूर लिहावा, कारण शिल्लक का राहिली हे त्यातून कळतं. पण खर्चाच्या रकान्यात तो घालू नये. वर्षाच्या शेवटी 'पैसे संपलेले दिसले पाहिजेत' या दबावाखाली हे आकडे खर्चात ढकलले जातात, ही माझ्या मते या कागदातली सर्वांत घातक सवय आहे. खरी शिल्लक दाखवली तर फार तर पुढच्या हप्त्यातून ती वजा होते. खोटा खर्च दाखवला तर प्रश्न सही करणाऱ्याच्या अंगाशी येतो.

दुरुस्त झालेला तक्ता

१२-ए च्या मुख्य तक्त्यात सात रकाने असतात. आपल्या प्रकल्पाचे आकडे त्यात असे बसतात:

पहिला रकाना, मागची अखर्चित शिल्लक: १,४२,५००
दुसरा, त्यावर मिळालेलं व्याज: ७,८६०
तिसरा, सरकारला परत भरलेलं व्याज: ०
चौथा, वर्षात मिळालेलं अनुदान, मंजुरी आदेशाचा क्रमांक व तारखेसह: ४,८०,०००
पाचवा, एकूण उपलब्ध निधी: ६,३०,३६०
सहावा, झालेला खर्च: ५,१२,१००
सातवा, अखेरची शिल्लक: १,१८,२६०

पाचवा रकाना म्हणजे पहिला अधिक दुसरा, वजा तिसरा, अधिक चौथा. अखेरची शिल्लक १,१८,२६० ही पुन्हा फोडून लिहायची: बँकेत १,०३,२६०, समायोजन बाकी असलेला अग्रिम १५,०००. रोकडवहीतल्या १,०३,२६० मध्ये न वटलेला ९,४०० चा चेक मिळवला की पासबुकातले १,१२,६६० येतात. आता प्रत्येक रुपयाला पत्ता आहे.

तिसऱ्या रकान्यात शून्य का, असं कोणीही विचारेल. हिशेब जूनमध्ये अंतिम झाले आणि व्याज तेव्हा केंद्र सरकारकडे पैसे भरण्याच्या भारतकोष पोर्टलवरून भरलं. म्हणजे ३१ मार्चला ते खात्यातच होतं. तिसऱ्या रकान्यात ७,८६० लिहिले तर शिल्लक १,१०,४०० होईल आणि ३१ मार्चच्या बँक शिल्लकेशी ती जुळणार नाही. म्हणून या वर्षी शून्य लिहायचं, खाली टीप द्यायची की व्याज अमुक तारखेला भरलं, आणि भारतकोषची पावती जोडायची. ते भरलेले ७,८६० पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या रकान्यात येतील. काही निधी देणारी खाती व्याज भरूनच प्रमाणपत्र मागतात आणि ते तिसऱ्या रकान्यात दाखवायला सांगतात. तसं लेखी सांगितलं असेल तर तसं करा, पण तारखेची टीप सोडू नका. लेखापरीक्षक तीन वर्षांनी विचारतो तेव्हा ती टीपच उत्तर देते. त्याहून सोपा उपाय म्हणजे डिसेंबरपर्यंतचं व्याज मार्चआधीच भरून टाकायचं. मग उरतो फक्त शेवटच्या तिमाहीचा तुकडा.

या तक्त्याखाली नमुना घटकनिहाय खर्च मागतो: सर्वसाधारण अनुदान, वेतन अनुदान आणि भांडवली मालमत्ता निर्मितीचं अनुदान. कोणता पैसा कोणत्या घटकातला, हे आपण ठरवायचं नसतं. मंजुरी आदेशात लेखाशीर्षासोबत ते लिहिलेलं असतं. प्रकल्पातल्या सहायकाचं मानधन 'वेतन' म्हणून टाकण्याचा मोह होतो, पण आदेशात सगळी आवर्ती रक्कम सर्वसाधारण अनुदानातून दिली असेल तर मानधनही तिथेच जातं.

खर्चाचं विवरणपत्र

प्रमाणपत्र एकूण आकडा सांगतं. तो कोणत्या शीर्षावर गेला हे विवरणपत्र सांगतं. ते फक्त चालू वर्षाचं करून पाठवलं तर प्रश्न उभा राहतो, म्हणून सुरुवातीपासूनचं एकत्रित करावं. आपल्या प्रकल्पाचं दोन वर्षांचं विवरण असं दिसेल:

| शीर्ष | दोन वर्षांची मंजुरी | २०२२-२३ चा खर्च | २०२३-२४ चा खर्च | एकूण खर्च | उरलेली मंजुरी |
|---|---|---|---|---|---|
| मनुष्यबळ | ६,००,००० | २,००,००० | ३,००,००० | ५,००,००० | १,००,००० |
| उपभोग्य साहित्य | २,००,००० | ७८,००० | १,१६,४०० | १,९४,४०० | ५,६०० |
| प्रवास | ८०,००० | २८,५०० | ३८,२०० | ६६,७०० | १३,३०० |
| आकस्मिक खर्च | ६०,००० | २१,००० | २७,५०० | ४८,५०० | ११,५०० |
| संस्थेचा प्रशासकीय खर्च | ६०,००० | ३०,००० | ३०,००० | ६०,००० | ० |
| एकूण | १०,००,००० | ३,५७,५०० | ५,१२,१०० | ८,६९,६०० | १,३०,४०० |

उपभोग्य साहित्याची ओळ पाहा. वर्षाला १ लाख मंजूर असताना २०२३-२४ मध्ये १,१६,४०० खर्च झाले. एकाच वर्षाचं विवरण पाठवलं असतं तर १६,४०० चा जादा खर्च दिसला असता. एकत्रित विवरणात कळतं की आदल्या वर्षी २२,००० वाचले होते आणि एकूण खर्च मंजुरीच्या आतच आहे. पण इथे एक अट आहे. वाचलेली रक्कम पुढच्या वर्षी त्याच शीर्षावर वापरायला निधी देणाऱ्या खात्याची परवानगी लागते. ते पत्र फाइलला हवं, आणि त्याचा क्रमांक विवरणपत्राखाली.

आता मसुद्यातलं १८,९०० चं बिल आठवा. ते खर्चात राहिलं असतं तर उपभोग्य साहित्याचा एकूण खर्च २,१३,३०० झाला असता, म्हणजे मंजुरीपेक्षा १३,३०० जास्त. संस्थेने न केलेला नियमभंग तिच्याच कागदावर दिसला असता. एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळवायची असेल तर खर्च करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. किती वळवण्याची मुभा आहे हे प्रत्येक योजनेत वेगळं असतं. नंतर मागितलेली परवानगी मिळेलच असं नाही.

पडताळणीसाठी एक छोटा हिशेब करून पाहावा. दोन वर्षांत आलेलं अनुदान ९,८०,०००, त्यातून एकूण खर्च ८,६९,६०० वजा केला की १,१०,४०० उरतात. प्रमाणपत्रातली अखेरची शिल्लक १,१८,२६०, त्यातून व्याज ७,८६० वजा केलं की तेही १,१०,४००. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणजे विवरणपत्र आणि प्रमाणपत्र एकमेकांना धरून आहेत. आला नाही तर सही थांबवावी.

उपकरणांसाठी मिळालेल्या अनावर्ती अनुदानाचं प्रमाणपत्र वेगळं करायचं. या कॉलेजला उपकरणासाठी ६ लाख मिळाले होते, उपकरण करासह ५,४८,००० ला आलं आणि ५२,००० परत भरले. ते ५२,००० आवर्ती खर्चाकडे वळवता येत नाहीत, कितीही निकड असली तरी. सोबत मालमत्तेची यादी आणि मालमत्ता नोंदवहीतला पान क्रमांक द्यावा. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरी देणाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता किंवा काढून टाकता येत नाही.

मजकुरात काय म्हटलं आहे

१२-ए वर छापलेला मजकूर बदलायचा नसतो, पण तो वाचायचा जरूर असतो. सही करणारी व्यक्ती त्यात म्हणते की ज्या अटींवर अनुदान मंजूर झालं त्या अटी पूर्ण झाल्या आहेत किंवा पूर्ण होत आहेत याची मी स्वतः खात्री केली आहे, आणि पैसा मंजूर झालेल्या प्रयोजनासाठीच प्रत्यक्ष वापरला गेला हे पाहण्यासाठी पुढील तपासण्या केल्या आहेत. चालू प्रकल्पात 'पूर्ण होत आहेत' ठेवून दुसरा पर्याय खोडायचा. दोन्ही तसेच ठेवले तर वाक्याला अर्थच उरत नाही. नमुन्याच्या शेवटी लागू नसलेले शब्द खोडा असं लिहिलेलंच असतं, तरी बहुतेक प्रमाणपत्रं न खोडता येतात.

त्याखालच्या तपासण्यांच्या यादीत पहिलंच वाक्य सर्वांत जड आहे. हिशेबाच्या वह्या आणि मालमत्ता नोंदवही नियमाप्रमाणे ठेवल्या आहेत, नेमलेल्या लेखापरीक्षकाने त्या तपासल्या आहेत, आणि वरचे आकडे लेखापरीक्षित हिशेबांशी जुळतात, असं ते वाक्य सांगतं. तिथे कोणता कायदा किंवा नियम लागू आहे ते भरायला जागा असते. न्यासाचं कॉलेज असेल तर न्यासाला लागू असलेला कायदा तिथे लिहावा. लेखापरीक्षण झालंच नसेल तर हे वाक्य खरं ठरत नाही. अशा वेळी वर ठळकपणे 'तात्पुरते' लिहून, हे वाक्य त्यानुसार खोडून किंवा टीप देऊन प्रमाणपत्र पाठवावं, आणि लेखापरीक्षण झाल्यावर अंतिम पाठवावं.

नमुना ठरवून दिलेला नसेल, पण 'उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे' एवढंच पत्रात असेल, तर आपल्या प्रकल्पाच्या आकड्यांवर मराठीत असा मजकूर चालतो:

"प्रमाणित करण्यात येते की, मंजुरी आदेश क्र. ______, दि. १४ जून २०२३ अन्वये सन २०२३-२४ करिता प्राप्त झालेले आवर्ती सहायक अनुदान रु. ४,८०,०००, मागील वर्षाची अखर्चित शिल्लक रु. १,४२,५०० व वर्षभरात जमा झालेले व्याज रु. ७,८६० अशा एकूण रु. ६,३०,३६० पैकी रु. ५,१२,१०० इतकी रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर करण्यात आली होती त्याच प्रयोजनासाठी प्रत्यक्ष खर्च झाली आहे. दि. ३१ मार्च २०२४ रोजीची शिल्लक रु. १,१८,२६० असून त्यात समायोजन न झालेला अग्रिम रु. १५,००० व शासनास परत करावयाचे व्याज रु. ७,८६० समाविष्ट आहे. उर्वरित अखर्चित अनुदान पुढील वर्षी देय अनुदानात समायोजित करण्यात यावे, ही विनंती. अनुदानाच्या अटींचे पालन होत असल्याची खात्री मी केली आहे."

यात 'प्रत्यक्ष' आणि 'त्याच प्रयोजनासाठी' हे शब्द गाळू नयेत. 'अनुदान पूर्णपणे वापरण्यात आले आहे' असं एका ओळीचं प्रमाणपत्र शिल्लक असताना दिलं तर ते सरळ खोटं ठरतं.

सह्या कोणाच्या

१२-ए वर दोन सह्यांची जागा आहे: संस्थेच्या वित्त विभागाचा प्रमुख आणि संस्थेचा प्रमुख. विद्यापीठात वित्त व लेखा अधिकारी आणि कुलसचिव किंवा कुलगुरू, योजनेत जसं म्हटलं असेल तसं. कॉलेजात सहसा लेखापाल किंवा कार्यालय अधीक्षक, आणि प्राचार्य. न्यासाच्या संस्थेत कोषाध्यक्ष, आणि अध्यक्ष किंवा सचिव, ज्याला ठरावाने अधिकार दिला असेल तो. एकाच व्यक्तीने दोन्ही जागी सही करू नये. पैसा देणारा आणि तो खर्च झाल्याची खात्री करणारा वेगळा असावा हाच त्या दोन जागांचा हेतू आहे.

मूळ नमुन्यात प्रकल्पप्रमुखाची जागा नाही. तरी संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था प्रमाणपत्र आणि विवरणपत्र दोन्हींवर त्याची सही मागतात, कारण साहित्य प्रयोगशाळेत आलं की नाही हे त्यालाच माहीत असतं. प्राचार्य स्वतःच प्रकल्पप्रमुख असतील तर संस्थाप्रमुखाच्या जागी व्यवस्थापनातल्या अधिकृत व्यक्तीची सही घ्यावी आणि तो अधिकार देणारं पत्र जोडावं. प्रभारी प्राचार्य असतील तर सहीखाली 'प्रभारी' लिहावं. प्रत्येक सहीखाली पूर्ण नाव, पदनाम, गोल शिक्का आणि तारीख हवी. तारीख ३१ मार्चच्या आधीची असेल तर प्रमाणपत्र बादच समजा, कारण न संपलेल्या वर्षाची खात्री कोणी देऊ शकत नाही.

खासगी संस्था, न्यास आणि स्वयंसेवी संस्थांकडून सनदी लेखापालाची सही मागितली जाते. तिच्यासोबत फर्मचा नोंदणी क्रमांक, सदस्यत्व क्रमांक आणि यूडीआयएन हवा. यूडीआयएन म्हणजे त्या प्रमाणपत्राला मिळणारा १८ अंकी वेगळा क्रमांक. १ फेब्रुवारी २०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तो बंधनकारक आहे, आणि निधी देणारं खातं तो ऑनलाइन तपासू शकतं. प्रमाणपत्र आणि विवरणपत्र दोन्हींवर सनदी लेखापालाची सही असेल तर दोन्हींतले आकडे, तारीख आणि क्रमांक एकमेकांशी ताडून पाहावेत. मागाहून एक आकडा बदलला आणि जुनं पान तसंच राहिलं, असं घडतं. सनदी लेखापालाची सही संस्थेच्या सहीची जागा घेत नाही. तो वह्या तपासून आकडे बरोबर असल्याचं सांगतो. पैसा योग्य कामासाठी गेला याची जबाबदारी संस्थाप्रमुखाचीच राहते.

मुदत आणि पुढचा हप्ता

अनावर्ती अनुदानाचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं असतं. आवर्ती अनुदानात एवढा वेळ प्रत्यक्षात मिळत नाही. नियम २३८ प्रमाणे मागच्या वर्षाचं निदान तात्पुरतं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढच्या वर्षाची रक्कम सोडली जात नाही, आणि मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांहून जास्त पैसा मागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब पोचल्यावरच मिळतो. म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र एप्रिल-मेमध्ये पाठवावं आणि लेखापरीक्षण दिवाळीपर्यंत रेंगाळू देऊ नये. केंद्राच्या निधीचा माग ठेवणाऱ्या पीएफएमएस पोर्टलवर खर्चाच्या नोंदी केल्या आहेत का हेही तेव्हाच पाहावं. पोर्टलवरचा खर्च आणि प्रमाणपत्रातला खर्च वेगळा दिसला तर खातं आधी त्याचा खुलासा मागतं.

तात्पुरत्या आणि लेखापरीक्षित आकड्यांत फरक निघाला तर तो पुढच्या वर्षाच्या प्रमाणपत्रात गुपचूप मिसळून टाकू नये. फरक कुठे निघाला, कोणत्या व्हाउचरमुळे निघाला, हे लिहिलेल्या पत्रासह 'सुधारित' असं लिहून त्याच वर्षाचं प्रमाणपत्र पुन्हा पाठवावं. आपल्या प्रकल्पात समजा लेखापरीक्षकाने आकस्मिक खर्चातलं ६०० रुपयांचं एक व्हाउचर अमान्य केलं. मग खर्च ५,११,५०० होतो, अखेरची शिल्लक १,१८,८६०, आणि ते ६०० रुपये संस्थेने स्वतःच्या निधीतून प्रकल्पाच्या खात्यात भरायचे. पुढच्या वर्षाचा पहिला रकाना १,१८,८६० पासूनच सुरू झाला पाहिजे. निधी देणारं खातं नव्या वर्षाचं प्रमाणपत्र हातात आलं की सर्वांत आधी हेच पाहतं.